ॲडिशन सिन, तरी अल्कोहोल ट्रान्स: एकाच अल्कीनवरील दोन हायड्रेशन

प्रश्न: «सर, १-मिथाइलसायक्लोहेक्झीनवर एकदा पातळ H2SO4 आणि एकदा BH3, मग H2O2/NaOH, अशी दोन्ही उत्पादने स्टिरिओकेमिस्ट्रीसह मागितली होती. पहिल्याला मी "रेसिमिक" लिहिले, ते कापले. दुसऱ्यात सिन ॲडिशन होते म्हणून "सिस" लिहिले, तेही कापले. नेमके चुकले कुठे? बी.एस्सी. दुसरे वर्ष, यवतमाळ जिल्हा.»

तुमच्या दोन्ही चुका वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. "सिन" हा शब्द अभिक्रियेत कोणत्या बाजूने काय येऊन चिकटले हे सांगतो, तर "सिस", "ट्रान्स" आणि "रेसिमिक" हे शब्द तयार झालेल्या रेणूविषयी बोलतात. अभिक्रियेचे वर्णन उत्पादनाच्या नावावर तसेच चिकटवता येत नाही; मध्ये एकदा रेणू काढून पाहावाच लागतो. गेली बरीच वर्षे मी ग्रामीण भागातल्या वरिष्ठ महाविद्यालयात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवतो आहे आणि या प्रश्नाच्या उत्तरपत्रिका तपासताना हीच अडचण मला सर्वांत जास्त वेळा दिसते. खाली लिहितो ते याच एका अल्कीनपुरते पक्के आहे. अल्कीन बदलले की तर्क तोच राहतो, पण उत्तर बदलू शकते, आणि ते कुठे बदलते हे मी त्या त्या ठिकाणी सांगेन.

आधी अल्कीन नीट काढा. दुहेरी बंधाच्या ज्या कार्बनवर मिथाइल आहे त्याला C1 म्हणा आणि शेजारच्याला C2 म्हणा. C1 वर एकही हायड्रोजन नाही. त्याला मिथाइल, वलयाची एक बाजू आणि दुहेरी बंध आहे. C2 वर मात्र एक हायड्रोजन आहे. हा हायड्रोजन कागदावर दाखवण्याची आपल्याला सवय नसते, पण तो काढल्याशिवाय पुढचे काहीच नीट दिसत नाही, म्हणून तो हाताने काढाच.

आता आम्लाची अभिक्रिया पाहू. पातळ आम्लात दुहेरी बंधाचे पाय-इलेक्ट्रॉन H3O+ कडून प्रोटॉन घेतात, आणि हीच सर्वांत मंद पायरी असल्यामुळे उत्पादन कोणते मिळणार हे इथेच ठरते. प्रोटॉन C2 वर गेला तर धन प्रभार C1 वर येतो, म्हणजे तृतीयक कार्बोकॅटायन मिळतो. तो C1 वर गेला असता तर C2 वर द्वितीयक कार्बोकॅटायन आला असता, आणि तो बराच कमी स्थिर असतो. म्हणून प्रोटॉन C2 वर जातो, पाण्याचा रेणू C1 ला चिकटतो, शेवटी एक प्रोटॉन निघून जातो आणि १-मिथाइलसायक्लोहेक्झॅनॉल हे तृतीयक अल्कोहोल मिळते. मार्कोव्हनिकोव्हचा नियम आपण "ज्याच्याकडे हायड्रोजन जास्त त्यालाच हायड्रोजन" असा पाठ करतो, पण त्यामागचे खरे कारण कार्बोकॅटायनची स्थिरता हेच आहे. उत्तरात नियमाचे नाव लिहून थांबू नका. हे कारण एका वाक्यात लिहिले तर तपासणाऱ्याला तुम्हाला समजल्याचे दिसते.

या अभिक्रियेची एक मर्यादाही लक्षात असू द्या. तिची प्रत्येक पायरी उलट दिशेनेही जाऊ शकते, आणि तृतीयक अल्कोहोलमधून पाणी फार सहज निघून जाते. पाणी भरपूर आणि आम्ल पातळ असेल तर समतोल अल्कोहोलच्या बाजूला राहतो. आम्ल संहत करून तापवले तर तो अल्कीनकडे परत जातो. म्हणून बाणावर नुसते "H2SO4, उष्णता" लिहिणे इथे चुकीचे ठरते. "पातळ H2SO4, पाणी" असेच लिहा.

आता तुमचे "रेसिमिक" का कापले ते पाहू. C1 वरील कार्बोकॅटायन सपाट असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी येऊ शकते, हे तुम्ही बरोबर धरले होते. पण या अल्कोहोलच्या C1 कडे नीट पाहा: त्यावर OH आहे, मिथाइल आहे, आणि वलयाच्या दोन बाजू आहेत. त्या दोन्ही बाजूंनी वलयात फिरून पाहिले तर दोन्हीकडे अगदी सारखेच CH2 गट लागतात. चार वेगळे गट नाहीत, म्हणजे हा कार्बन किरल केंद्रच नाही. पाणी वरून आले काय आणि खालून आले काय, रेणू एकच मिळतो. ज्या रेणूला आरशातले वेगळे रूपच नाही त्याला रेसिमिक म्हणता येत नाही. "दोन्ही बाजूंनी हल्ला" हे कारण आहे. त्याचा परिणाम रेसिमिक मिश्रण होतो की नाही हे चार गट मोजल्यावरच ठरते.

तोच हल्ला १-ब्युटीनवर झाला तर २-ब्युटॅनॉल मिळते, त्यातल्या C2 वर चार वेगळे गट आहेत, आणि तिथे "रेसिमिक" हेच योग्य उत्तर आहे. १,२-डायमिथाइलसायक्लोहेक्झीन घेतले तर चित्र आणखी वेगळे होते: C1 आणि C2 दोन्ही किरल केंद्रे बनतात आणि दोन मिथाइल गट सिस असलेले व ट्रान्स असलेले अशी दोन्ही अल्कोहोले मिळतात. पण इथे अनेकजण "५०:५०" लिहून टाकतात, ते करू नका. ही दोन एकमेकांचे एनॅन्शिओमर नसून डायस्टीरिओमर आहेत, त्यांची ऊर्जा वेगळी असते आणि प्रमाण समान असेलच असे नाही. "दोन्ही डायस्टीरिओमरचे मिश्रण, प्रत्येक रेसिमिक" एवढेच लिहावे.

हायड्रोबोरेशनकडे वळताना बहुतेक विद्यार्थी "हे उलटे, अँटी-मार्कोव्हनिकोव्ह" असे पाठ करून येतात. मला ते पाठांतर घातक वाटते, कारण त्यामुळे दोन अभिक्रियांमागे दोन विरुद्ध नियम आहेत असे वाटू लागते. खरे तर तर्क एकच आहे. आम्लात इलेक्ट्रॉन शोधत येणारा घटक प्रोटॉन असतो, आणि हायड्रोबोरेशनमध्ये तो बोरॉन असतो. BH3 मधल्या बोरॉनभोवती फक्त सहा इलेक्ट्रॉन आहेत आणि त्याचे एक p ऑर्बिटल रिकामे आहे. शिवाय पॉलिंगच्या मापनानुसार बोरॉनची विद्युतऋणता सुमारे २.० आणि हायड्रोजनची सुमारे २.२ आहे, म्हणून B–H बंधात हायड्रोजनच किंचित ऋण बाजूला असतो. दोन्ही अभिक्रियांत इलेक्ट्रॉन शोधणारा घटक C2 कडेच जातो आणि धन प्रभाराचा भार C1 वर येतो. आम्लात तो घटक म्हणजे H, म्हणून OH C1 वर येतो. इथे तो घटक म्हणजे B, म्हणून H C1 वर येतो. नंतर बोरॉनच्या जागी OH बसतो, आणि म्हणून शेवटी OH C2 वर दिसतो. ही एक गोष्ट पटली की दोन्ही रिजिओकेमिस्ट्री लक्षात ठेवण्याची गरजच राहत नाही.

फरक असा की इथे पूर्ण कार्बोकॅटायन कधीच तयार होत नाही. दोन कार्बन, बोरॉन आणि हायड्रोजन अशी चार अणूंची संक्रमण अवस्था असते, आणि C–B व C–H हे दोन्ही बंध तिच्यात एकाच वेळी जुळत जातात. C–B बंध थोडा पुढे असतो, म्हणून C1 वर काही अंशी धन प्रभार येतो. तो प्रभार मिथाइल असलेल्या C1 लाच जास्त झेपतो. दुसरे कारण गर्दीचे: बोरॉन आणि त्याच्यावरचे गट हे हायड्रोजनपेक्षा मोठे असल्यामुळे त्यांना मोकळा कार्बन हवा असतो. बोरॉनवर आधीच एखादा अल्किल गट बसलेला असेल तर हे कारण आणखी जोर धरते. १-मिथाइलसायक्लोहेक्झीनमध्ये दोन्ही कारणे C2 कडेच बोट दाखवतात, म्हणून उत्तर निश्चित राहते. जिथे ही कारणे कमी जोराची असतात किंवा एकमेकांविरुद्ध जातात तिथे उत्तर तितके निश्चित राहत नाही. १-हेक्झीनवर BH3 वापरले तर सुमारे ९४ टक्के १-हेक्झॅनॉल मिळते आणि उरलेले २-हेक्झॅनॉल असते. स्टायरीनमध्ये बेंझीन वलय शेजारच्या कार्बनवरचा ऋण अंशही सावरू शकते, म्हणून तिथे हे प्रमाण साधारण ८०:२० पर्यंत घसरते. अशा ठिकाणी 9-BBN सारखे मोठे बोरेन वापरतात, आणि मग गर्दीचे कारणच निर्णायक ठरते.

या अभिक्रियेचा शोधही एका न जुळणाऱ्या हिशेबातून लागला. १९५६ साली पर्ड्यू विद्यापीठात हर्बर्ट ब्राउन आणि त्यांच्यासोबत काम करणारे भारतीय रसायनशास्त्रज्ञ बी. सी. सुब्बा राव इथिल ओलिएटचे रिडक्शन करत होते. एस्टरला लागायला हवे त्यापेक्षा जास्त हायड्राइड खर्च झाले. ते जास्तीचे हायड्राइड ओलिएटमधल्या दुहेरी बंधाकडे गेले होते. पुढे १९७९ चे रसायनशास्त्राचे नोबेल ब्राउन यांना जॉर्ज विटिग यांच्यासोबत मिळाले.

आता तुमचे "सिस". आमच्या वर्गात रेणूचे तयार मॉडेल पुरेसे नसते, म्हणून मी बियाण्याच्या खोक्याचा जाड पुठ्ठा षट्कोनी कापतो आणि पऱ्हाटीच्या वाळलेल्या बारीक काड्या घेतो. मातीचा गोळा म्हणजे मिथाइल, कापसाचा पांढरा बोळा म्हणजे हायड्रोजन आणि कुंकू लावलेला बोळा म्हणजे OH. सुरुवातीला दुहेरी बंध आहे, म्हणून C1 वरचा मातीचा गोळा आणि C2 वरचा पांढरा बोळा या दोन्ही काड्या पुठ्ठ्याच्या पातळीतच, बाहेरच्या दिशेने आडव्या ठेवायच्या. मग बोरेन वरून येते असे धरा. C1 वर वरून एक पांढरा बोळा खोचला की त्याला जागा देण्यासाठी मातीच्या गोळ्याची काडी खाली वळवावी लागते. C2 वर वरून बोरॉन आले की तिथला आधीचा पांढरा बोळा खाली जातो. बोरॉनच्या जागी कुंकवाचा बोळा बसवला की पुठ्ठ्याच्या वर C1 चा नवा हायड्रोजन आणि C2 चा OH दिसतात, आणि खाली C1 चा मिथाइल आणि C2 चा जुना हायड्रोजन दिसतात.

म्हणजे नवीन आलेले दोघे, H आणि OH, हे एकमेकांना सिस आहेत. पण उत्पादनाचे नाव देताना आपण H ची तुलना करत नाही. आपण मिथाइल आणि OH यांची तुलना करतो. मिथाइल खाली आणि OH वर आहे, म्हणून ट्रान्स-२-मिथाइलसायक्लोहेक्झॅनॉल. तुम्ही सिन ॲडिशन बरोबर ओळखली होती, पण "सिस" हा शब्द ज्या जोडीला लागू होता ती जोडी नावात येतच नाही. मिथाइल अभिक्रियेत आलेला नाही; तो आधीपासून होता आणि नव्या हायड्रोजनने त्याला विरुद्ध बाजूला ढकलले. हे वाक्य उत्तरात चित्राखाली लिहिले तर गैरसमज राहणार नाही.

इथे काहीजण विचारतात की बोरॉनच्या जागी OH बसताना बाजू का बदलत नाही, कारण प्रतिस्थापन म्हटले की त्यांना SN2 मधले उलटणे आठवते. तसे इथे होत नाही, कारण C–B बंध बाहेरून येऊन कोणी मागच्या बाजूने तोडत नाही. NaOH आणि H2O2 मिळून HOO− हा आयन तयार होतो आणि तो बोरॉनच्या रिकाम्या ऑर्बिटलवर जाऊन बसतो. मग C2 आपल्या C–B बंधाचे दोन्ही इलेक्ट्रॉन घेऊन बोरॉनवरून शेजारच्या ऑक्सिजनवर सरकतो आणि OH− बाहेर पडतो. कार्बनने ज्या बाजूने बोरॉनला धरले होते त्याच बाजूने तो ऑक्सिजनला धरतो, म्हणून रचना जशीच्या तशी राहते. शेवटी बोरेट एस्टरचे पाण्याने विघटन होऊन अल्कोहोल सुटे होते. या OH मधला ऑक्सिजन पेरॉक्साइडमधून येतो. आम्लाच्या अभिक्रियेत तो पाण्यातून येतो.

आता "रेसिमिक" हा शब्द खरा कुठे लागतो ते पाहा. बोरेन वरून आले तसे ते खालूनही तितक्याच सहजतेने येऊ शकते, कारण अल्कीनच्या दोन्ही बाजू सारख्याच मोकळ्या आहेत. खालून आले तर वरच्या उत्पादनाचे आरशातले रूप मिळते. C1 आणि C2 या दोन्हींवर आता चार वेगळे गट आहेत, म्हणून (1R,2R) आणि (1S,2S) ही दोन्ही सारख्या प्रमाणात मिळतात. पूर्ण उत्तर "रेसिमिक ट्रान्स-२-मिथाइलसायक्लोहेक्झॅनॉल" असे आहे. सिस रूप मात्र मिळत नाही, कारण त्यासाठी H आणि B वेगवेगळ्या बाजूंनी यावे लागले असते.

दोन बाटल्यांतले अल्कोहोल ओळखायचे तर कसे ओळखणार, हा प्रश्न तोंडी परीक्षेत येतो. बहुतेक विद्यार्थी लगेच लुकास चाचणी सांगतात. इथे ती भरवशाची नाही: ती चाचणी अल्कोहोल अभिकर्मकात विरघळण्यावर अवलंबून असते आणि सात कार्बनची ही अल्कोहोले नीट विरघळत नाहीत, त्यामुळे गढूळपणा अभिक्रियेमुळे आला की न विरघळल्यामुळे हे कळत नाही. क्रोमिक आम्ल अधिक चांगले. ॲसिटोनमधल्या थोड्या नमुन्यावर त्याचे एक-दोन थेंब टाकले की ट्रान्स-२-मिथाइलसायक्लोहेक्झॅनॉल द्वितीयक असल्याने काही सेकंदांत नारिंगी रंग जाऊन हिरवट गढूळपणा येतो, तर तृतीयक १-मिथाइलसायक्लोहेक्झॅनॉलमध्ये नारिंगी रंग तसाच राहतो. प्रोटॉन NMR उपलब्ध असेल तर OH असलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन ट्रान्स रूपात सुमारे ३.१ ppm ला, सिस रूपात सुमारे ३.८ ppm ला दिसतो, आणि तृतीयक अल्कोहोलमध्ये त्या भागात असा संकेत नसतो, कारण त्या कार्बनवर हायड्रोजनच नाही.

तुमच्या अल्कीनमध्ये न दिसणारा आणखी एक फरक आहे, आणि तो परीक्षेत फार फसवतो. ३,३-डायमिथाइल-१-ब्युटीन घ्या. आम्लात आधी C2 वर द्वितीयक कार्बोकॅटायन येतो, पण त्याच्या शेजारच्या कार्बनवर तीन मिथाइल आहेत. त्यातला एक आपले इलेक्ट्रॉन घेऊन सरकतो आणि तृतीयक कार्बोकॅटायन तयार होतो. मुख्य उत्पादन २,३-डायमिथाइल-२-ब्युटॅनॉल मिळते, म्हणजे कार्बनचा सांगाडाच बदलतो. हायड्रोबोरेशनमध्ये कार्बोकॅटायन नाही, म्हणून सरकणेही नाही, आणि ३,३-डायमिथाइल-१-ब्युटॅनॉल मिळते. १-मिथाइलसायक्लोहेक्झीनमध्ये पहिलाच कार्बोकॅटायन तृतीयक असल्यामुळे त्याला सरकून काही मिळत नाही. म्हणून आम्लाचा बाण दिसला की द्वितीयक कार्बोकॅटायनच्या शेजारी जास्त शाखा असलेला कार्बन आहे का, हे आधी पाहा.

बाण लिहिताना "१. BH3·THF, २. H2O2, NaOH" असे आकडे घाला. आकडे नसले तर सगळे एकत्र टाकले असा अर्थ होतो, आणि तसे केले तर बोरेन अल्कीनपर्यंत पोचण्याआधीच पाणी व पेरॉक्साइड त्याचा नाश करतील. खऱ्या प्रयोगातही पहिली पायरी कोरड्या भांड्यात, निष्क्रिय वायूखाली करतात आणि पेरॉक्साइड बर्फात थंड ठेवून थेंबाथेंबाने घालतात, कारण ऑक्सिडेशनमध्ये बरीच उष्णता बाहेर पडते.

स्वतःला तपासण्यासाठी एक प्रश्न देतो. याच अल्कीनवर BH3 ऐवजी BD3 वापरा आणि मग नेहमीसारखे H2O2/NaOH घाला. बोरॉन C2 वर जाते, म्हणून D C1 वर येते, आणि C2 वर OH येतो. D आणि OH एकाच बाजूला, मिथाइल त्यांच्या विरुद्ध बाजूला. तुमच्या चित्रात D मिथाइलच्याच बाजूला दिसत असेल, किंवा D C2 वर गेले असेल, तर पुठ्ठा आणि काड्या घेऊन C1 वरच्या मिथाइलची काडी कोणत्या क्षणी खाली वळली ते पुन्हा करून पाहा.